पान ४७ वरचा पत्ता

भूगोलाच्या पुस्तकांत हल्ली एक उपक्रम हमखास भेटतो : आपलं गाव उपग्रहाच्या चित्रात शोधा. त्यासाठी इस्रोचं 'भुवन' हे संकेतस्थळ फार सोयीचं आहे. हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र ते चालवतं आणि २००९ पासून ते सर्वांना खुलं आहे. त्याच्या नकाशांसाठी वापरला जाणारा एक पत्ता `bhuvan-app1.nrsc.gov.in` असा आहे. आता समजा, नववीच्या एका स्वाध्यायपुस्तिकेत पान ४७ वर हा पत्ता छापताना मधलं `gov` गळलं आणि कागदावर `bhuvan-app1.nrsc.in` एवढंच उतरलं. पुस्तिका इथे उदाहरणापुरती घेतली आहे, पत्ता मात्र खरा आहे.

एका शिक्षिकेच्या हे लक्षात येतं आणि त्या प्रकाशकाला पत्र लिहायला बसतात. अशी बरीच पत्रं दोन ओळींची असतात : आपल्या पुस्तकातली वेबसाइट उघडत नाही, कृपया दुरुस्ती करावी. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण ज्याच्या टेबलावर हे पत्र पडतं त्याला त्यातून काहीच करता येत नाही. कोणतं पुस्तक, कितवी आवृत्ती, कोणतं पान? उघडत नाही ते छपाईतल्या चुकीमुळे, शाळेतल्या इंटरनेटमुळे, की त्या संकेतस्थळानेच पत्ता बदलल्यामुळे? मग ते पत्र 'पाहू' म्हणून बाजूला ठेवलं जातं आणि पुढच्या जूनमध्ये तीच चूक नव्या कोऱ्या पुस्तकांतून पुन्हा वर्गात येते. म्हणून पत्राला हात घालण्याआधी थोडी तपासणी करावी. ती अवघड नाही.

पहिला प्रश्न असा की हा खरोखर मुद्रणदोष आहे का. छापलेला पत्ता कागदावर बघून, एकेक अक्षर जुळवत, स्वतः टाइप करावा. गुगलच्या शोधपट्टीत नाव टाकून चालत नाही, कारण शोधयंत्र चूक पोटात घालून बरोबर ठिकाणी नेतं आणि चूक झाकली जाते. पत्ता चालत नसेल, तर पडद्यावर कोणता संदेश येतो तो वाचावा. 'पान सापडलं नाही' अशा अर्थाचा `404` हा आकडा दिसला, तर संकेतस्थळ सापडलं आहे आणि त्यातलं ते विशिष्ट पान मात्र नाही. म्हणजे गडबड बहुधा पत्त्यातल्या तिरप्या रेघेनंतरच्या भागात आहे. क्रोममध्ये `DNS_PROBE_FINISHED_NXDOMAIN` असं दिसलं, तर त्या नावाचं संकेतस्थळच सापडलेलं नाही; गडबड बहुधा मुख्य नावात आहे.

पण एवढ्यावर चूक प्रकाशकाची ठरत नाही. संकेतस्थळं घर बदलतात, पानं काढून टाकली जातात. छापताना बरोबर असलेला पत्ता चार वर्षांनी मेलेला असू शकतो. याची शहानिशा करायची सोय आहे. इंटरनेट आर्काइव्ह ही अमेरिकेतली संस्था १९९६ पासून संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपून ठेवते आणि `web.archive.org` या ठिकाणी त्या कोणालाही पाहता येतात. तिथे छापलेला पत्ता घालावा. पुस्तक निघालं त्या वर्षीची प्रत मिळाली आणि तीत अपेक्षित मजकूर दिसला, तर छपाईत चूक नव्हती, पत्ता नंतर बदलला. काहीच मिळालं नाही, तर मात्र मुद्रणदोषाची शक्यता वाढते. खात्री नाही होत, कारण प्रत्येक पान तिथे साठवलेलं नसतं. बरोबर पत्ता शोधून दोन्ही एकाखाली एक लिहिले की एखादं अक्षर गळाल्याचं बहुतेक वेळा तिथल्या तिथे दिसतं. पत्राचा सूर या तपासणीवर ठरतो. बदललेल्या पत्त्याला 'मुद्रणदोष' म्हणणं हा प्रकाशकावर अन्याय आहे, आणि तो करून मग दुरुस्तीची अपेक्षा करणं बरं नव्हे.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि पत्रांत तो जवळजवळ कधीच नसतो : चूक पत्त्याच्या कोणत्या भागात झाली आहे? संकेतस्थळाचं नाव पोस्टाच्या पत्त्यासारखं वाचावं लागतं. आधी घर, मग गल्ली, गाव, तालुका, जिल्हा. सगळ्यात मोठा मुलूख शेवटी. `bhuvan-app1.nrsc.gov.in` मध्ये `in` म्हणजे भारत, `gov.in` म्हणजे त्यातला सरकारी विभाग, `nrsc` ही त्या विभागातली संस्था आणि `bhuvan-app1` हा त्या संस्थेने स्वतः दिलेला दालनाचा क्रमांक. `gov.in` खालची नावं फक्त सरकारी संस्थांना मिळतात. तुम्ही-आम्ही पैसे मोजूनही ती घेऊ शकत नाही.

आता याच पत्त्यात तीन वेगवेगळ्या चुका करून पाहू. शेवटच्या `1` या आकड्याऐवजी इंग्रजी `l` छापला गेला, तर पत्ता `bhuvan-appl.nrsc.gov.in` होतो. तो चालणार नाही, मुलं हिरमुसतील, तास वाया जाईल. पण याहून वाईट काही घडू शकत नाही, कारण त्या नावाचं दालन उघडण्याचा अधिकार त्या संस्थेलाच आहे. ओळ तुटताना मधली छोटी रेघ गळाली आणि `bhuvanapp1.nrsc.gov.in` झालं, तरी तेच. पण आपल्या पुस्तिकेसारखं `gov` गळलं, की नाव सरकारी कुंपणाबाहेर जातं. `in` खालचं असं साधं नाव मोकळं असेल तर वर्षाची फी भरून कोणीही घेऊ शकतो आणि तिथे हवं ते ठेवू शकतो. आज तिथे काही नसलं तरी उद्या असू शकतं, आणि पुस्तक मात्र तेच राहतं. म्हणून पहिल्या दोन चुका पुढच्या पुनर्मुद्रणापर्यंत थांबू शकतात, तिसरी थांबू शकत नाही. हा फरक पत्रात आला पाहिजे, कारण प्रकाशकाने किती घाई करायची ते त्यावर ठरतं.

ही भीती कल्पनेतली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॅटेल या अमेरिकी खेळणी-कंपनीने 'विकेड' या चित्रपटातल्या पात्रांच्या बाहुल्या बाजारात आणल्या. खोक्यावर चित्रपटाच्या संकेतस्थळाचा पत्ता `wickedmovie.com` असा हवा होता. छापला गेला तो `movie` हा भाग वगळून, आणि उरलेलं नाव प्रौढांसाठीच्या अश्लील चित्रफिती बनवणाऱ्या एका कंपनीचं होतं. मुलांच्या हातातल्या खोक्यावर तो पत्ता होता. कंपनीने चूक मान्य करून खेद व्यक्त केला आणि ज्यांनी बाहुल्या आधीच घेतल्या होत्या त्या पालकांना खोकं टाकून द्या किंवा तो पत्ता झाका असं सांगितलं. खोकं टाकून देता येतं. पाठ्यपुस्तक टाकून देता येत नाही. ते वर्षभर दप्तरात असतं आणि पुढच्या वर्षी धाकट्या भावंडाकडे किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात जातं.

अशा चुका होतात कशा, हे थोडक्यात सांगायला हवं, कारण ते कळलं की पत्रातला राग आपोआप ओसरतो. मराठी पुस्तकाची अक्षरजुळणी करताना देवनागरी फॉन्ट चालू असतो आणि मध्येच आलेल्या इंग्रजी अक्षरांसाठी फॉन्ट बदलावा लागतो. त्या बदलात एखादा तुकडा गळतो किंवा पुन्हा टाइप करावा लागतो. लांबलचक पत्ता एका ओळीत मावत नाही, तेव्हा संगणक तो तोडतो आणि जोडरेघ आपली की त्याची हे वाचणाऱ्याला कळत नाही. पत्त्याखाली रेघ मारली की शब्दांमधली खालची रेघ त्यात बुडून जाते. वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम पत्त्याला चिकटतो. बऱ्याच फॉन्टमध्ये एक हा आकडा, लहान `l` आणि मोठा `I` एकमेकांसारखे दिसतात. मुद्रितशोधक मराठी शब्दातली वेलांटी चुकली तर वाचता वाचता थबकतो, पण पत्त्याला व्याकरण नाही, अर्थ नाही. त्यातली चूक डोळ्याला खुपतच नाही. ती फक्त टाइप करून पाहिल्यावर सापडते. एवढी वाकडी वाट चालून आलेल्या चुकीबद्दल कोणा एकाच्या निष्काळजीपणावर बोट ठेवणं मला पटत नाही.

आता पत्र. शिक्षिकेने ते असं लिहावं :

प्रति,
मा. संपादक,
पाठ्यपुस्तक विभाग

विषय : इयत्ता नववी, भूगोल स्वाध्यायपुस्तिका, पान ४७ वरील संकेतस्थळाच्या पत्त्यातील मुद्रणदोष आणि शुद्धिपत्राची विनंती

महोदय / महोदया,
स. न. वि. वि.

आपली वरील पुस्तिका आमच्या शाळेत नववीच्या वर्गाला लावलेली आहे. माझ्याजवळची प्रत दुसऱ्या आवृत्तीच्या पहिल्या पुनर्मुद्रणाची असून तिच्या मलपृष्ठावरील आयएसबीएन क्रमांक व श्रेयनामावलीच्या पानाचे छायाचित्र सोबत जोडले आहे.

पान ४७ वर 'आपले गाव शोधा' या उपक्रमात, वरून सहाव्या ओळीत, 'भुवन' या संकेतस्थळाचा पत्ता दिला आहे. त्यात `nrsc` आणि `in` यांच्या मधला `gov` हा भाग व त्यामागचा बिंदू छपाईत गळाला असावा, असे वाटते. योग्य पत्ता पुढीलप्रमाणे आहे :

`bhuvan-app1.nrsc.gov.in`

हा पत्ता मी दोन वेगवेगळ्या उपकरणांवर कागदावरून टाइप करून पाहिला, तो उघडतो. छापलेला पत्ता उघडून मुलांना अपेक्षित नकाशा मिळत नाही. तसेच छापलेले नाव सरकारी संकेतस्थळांच्या विभागात मोडत नसल्यामुळे ते कोणीही नोंदवू शकते. पुस्तिका विद्यार्थी स्वतः वापरतात, म्हणून ही बाब पुढील पुनर्मुद्रणापर्यंत न थांबता कळवावी असे वाटले.

आपणांस विनंती की, (१) या पुस्तिकेसाठी एक शुद्धिपत्र प्रसिद्ध करावे व ते आपल्या संकेतस्थळावर पुस्तिकेच्या पानावर ठेवावे. (२) विक्रीसाठी शिल्लक असलेल्या प्रतींत ते घालावे. (३) ज्या शाळांनी पुस्तिका घेतली आहे त्यांना ते कळवावे. (४) पुनर्मुद्रणाच्या मूळ फाइलमध्ये दुरुस्ती करावी.

उपक्रम मुलांना अतिशय आवडला आहे. तो सर्वांना करता यावा एवढाच या पत्राचा हेतू आहे. माझ्या समजण्यात काही चूक असल्यास कृपया कळवावे.

कळावे,
आपली विश्वासू

या पत्रातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट संपादकाचं काम वाचवते. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण दोन्ही सांगितलं आहे, कारण चूक कधी पहिल्या छपाईत नसते आणि दुसऱ्यांदा पानं नव्याने लावताना शिरते. किती प्रती बाधित आहेत हे त्याशिवाय ठरत नाही. ओळ वरून मोजली आहे. बरोबर पत्ता वेगळ्या ओळीत, मागेपुढे विरामचिन्ह न ठेवता दिला आहे, म्हणजे तो जसाच्या तसा उचलता येतो आणि दुरुस्तीतच नवी चूक होत नाही. चुकलेला पत्ता मात्र पुन्हा लिहिलेलाच नाही, फक्त काय गळलं ते सांगितलं आहे. हे पत्र ई-मेलने गेलं, तर पत्त्यासारखं दिसणारं काहीही ई-मेल आपण होऊन निळं, दाबण्याजोगं करून टाकतो, आणि वाचणारा सवयीने दाबतो. चुकीचा पत्ता सांगणं भागच पडलं, तर संगणक-सुरक्षेच्या क्षेत्रातले लोक करतात तसं बिंदू चौकटी कंसात घालावा, म्हणजे `nrsc[.]in`. मग तो नुसता मजकूर राहतो. पानाचं छायाचित्र जोडलं तर त्याहून उत्तम.

आणि पत्रात 'असावा, असे वाटते' आहे. ही नुसती अदब नाही. चूक दिसली आहे, तिचं कारण मात्र आपण पाहिलेलं नाही. कारण ठरवून टाकणारं पत्र संपादकाला बचाव करायला लावतं, आणि बचावात गेलेला माणूस दुरुस्ती लांबवतो. याच कारणाने पहिल्याच पत्राची प्रत वर्तमानपत्राला किंवा शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवू नये. त्या ठिकाणी खरोखरच मुलांनी पाहू नये असं काही दिसलं, तर मात्र पत्राची वाट न बघता त्याच दिवशी फोन करावा आणि पत्र मागाहून पाठवावं. वर्गात त्याचा गाजावाजा करू नये. 'या पत्त्यावर जाऊ नका' म्हटलं की निम्मा वर्ग संध्याकाळी तिथेच जातो. बरोबर पत्त्याची चिठ्ठी छापून सगळ्यांना त्या ओळीवर चिकटवायला लावावी, बस्स.

शुद्धिपत्राची मागणी आपण केली, तर ते कसं असावं याचाही विचार आपल्याकडे हवा. छोटा प्रकाशक बऱ्याचदा विचारतो, 'मग काय छापू?' जुन्या पद्धतीत 'अशुद्ध' आणि 'शुद्ध' असे दोन रकाने असतात. वेलांटीच्या चुकीला ती पद्धत उत्तम आहे. धोक्याच्या पत्त्याला ती चालत नाही, कारण 'अशुद्ध' रकान्यात तो पत्ता पुन्हा एकदा छापला जातो, आणि तोही मोठ्या अक्षरात. अशा वेळी मजकूर एवढाच पुरे :

'भूगोल स्वाध्यायपुस्तिका, इयत्ता नववी, दुसरी आवृत्ती. पान ४७, ओळ ६ येथे छापलेला संकेतस्थळाचा पत्ता कृपया वापरू नये. त्याऐवजी पुढील पत्ता वापरावा : `bhuvan-app1.nrsc.gov.in`. या मुद्रणदोषाबद्दल दिलगीर आहोत.'

खाली दिनांक हवा. शुद्धिपत्राला दिनांक नसला की पुस्तकाची आपली प्रत त्याआधीची की नंतरची हे शिक्षकाला कळत नाही. पत्त्याशेजारी क्यूआर कोड छापलेला असेल तर तोही तपासून त्याबद्दल स्पष्ट लिहावं. फाटका किंवा डाग पडलेला कोड सावरून घेण्याची सोय त्याच्या रचनेत असते, पण बनवतानाच चुकीचा पत्ता घातलेला असेल तर तो इमानाने चुकीच्याच ठिकाणी नेतो. शिवाय पत्ता पेनाने दुरुस्त करता येतो, कोड येत नाही. त्यासाठी नवा कोड छापलेली चिकटपट्टीच लागते.

आणखी एक उपाय प्रकाशकाच्या हातात असतो. चुकून छापलेलं नाव मोकळं असेल, तर ते स्वतःच नोंदवावं आणि तिथे येणाऱ्याला बरोबर ठिकाणी वळवून द्यावं. विकल्या गेलेल्या, कोणत्याच चिठ्ठीने गाठता न येणाऱ्या प्रतींपर्यंत पोहोचणारा एवढाच मार्ग आहे. पत्ता प्रकाशकाच्या स्वतःच्या संकेतस्थळाचा असेल तर यात काही अडचण नाही. आपल्या उदाहरणात ते नाव एका सरकारी संस्थेच्या नावासारखं दिसतं, म्हणून त्या संस्थेला कळवून, तिच्या संमतीनेच काही करावं. नाहीतर तोतयेगिरीचा आरोप यायचा. आणि नाव एकदा घेतलं की पुस्तक हाताळलं जात असेपर्यंत दरवर्षी नूतनीकरण करत राहावं लागतं. मध्येच सोडलं तर धोका आधीपेक्षा वाढतो, कारण सुटलेली नावं उचलणारे टपलेलेच असतात. जर्मनीत २०१५ साली हाइन्झच्या केचपच्या बाटलीवरच्या क्यूआर कोडने एका ग्राहकाला अश्लील संकेतस्थळावर नेलं होतं. कोड बरोबर छापलेला होता. स्पर्धा संपल्यावर कंपनीने तिच्या पत्त्याची मुदत संपू दिली, दुसऱ्याने ते नाव घेतलं, आणि बाटल्या मात्र घराघरांत उरलेल्या होत्या.

पत्र पाठवल्यावर उत्तराला दोन-तीन आठवडे द्यावेत. उत्तर नाही आलं तर दुसरं पत्र पहिल्याइतकंच सौम्य, पण पहिल्या पत्राचा दिनांक आणि प्रत जोडून. पुस्तक सरकारी मंडळाचं असेल तर पत्रावर पुस्तकाचं पूर्ण नाव, माध्यम आणि वर्ष आवर्जून घालावं, कारण एकाच विषयाची पुस्तकं अनेक माध्यमांत निघतात आणि मराठीतली चूक उर्दू किंवा हिंदी पुस्तकात असेलच असं नाही. शाळा जूनमध्ये उघडतात आणि पुढच्या वर्षाची छपाई त्याच्या बरीच आधी सुरू होते. म्हणून ऑगस्टमध्ये सापडलेली चूक ऑगस्टमध्येच कळवलेली बरी. मार्चमध्ये गेलेलं पत्र बहुधा छापून झालेल्या गठ्ठ्यांना भेटतं.

'दुरुस्ती केली आहे' असं उत्तर आलं, तरी एक काम उरतं. प्रकाशनसंस्थेत एकाच पुस्तकाच्या अनेक फाइली पडून असतात, आणि घाईच्या दिवसांत मुद्रकाकडे आधीपासून असलेलीच पुन्हा छपाईला लावली जाते. संपादकाने केलेली दुरुस्ती त्याच्या संगणकात राहते आणि कागदावर जुनी चूक परत येते. मी हे घडताना पाहिलं आहे. म्हणून आभाराच्या पत्रात विनंती करावी की दुरुस्त केलेली फाइल मुद्रकाकडे पोहोचली का आणि जुनी काढून टाकली का, हे एकदा पाहावं. नवी प्रत हातात आली की पान ४७ उघडावं, सहावी ओळ काढावी आणि पत्ता कागदावरून टाइप करून पाहावा.